मुसीच्या गळ्यात अडकलेली गादी

आमच्या हैदराबादेत नदी आहे हे पाहुण्यांना आधी नाकानं कळतं, मग डोळ्यांनी. लग्न ठरल्यावर पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या माझ्या नवऱ्याला मी पुलावर रिक्षा थांबवून मोठ्या अभिमानानं म्हटलं होतं, ‘ही आमची मुसी.’ त्यानं खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, होणाऱ्या बायकोच्या माहेरची नदी बघून गडी गहिवरला. रुमाल नाकाला गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात मुसीबद्दल दोन मतं आहेत. इतकी वर्षं ती एकमेकांना न दुखवता नांदली. लेकीच्या शाळेत कवितेची स्पर्धा निघाली आणि दोन्ही मतं जेवणाच्या टेबलावर येऊन बसली.

लेक आठवीत आहे. तिच्या शाळेत दरवर्षी पर्यावरण सप्ताह होतो, आणि त्या एका आठवड्यात शाळेतून जेवढा कचरा निघतो तेवढा बाकीच्या वर्षात निघत नाही. यंदाचा विषय होता ‘मी प्रदूषित नदी बोलते’. स्वतः रचलेली कविता, नदीच्या तोंडून, आपापल्या मातृभाषेत, नदीचा वेष करून, पाठ म्हणायची. गुण कशाला मिळणार तेही छापून आलं होतं: आशय, सादरीकरण, वेषभूषा आणि शेवटी समाजाला संदेश. वेष टाकाऊ वस्तूंचा हवा. आणि बक्षिसं कुणाकडून? कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून. हे मी रचलेलं नाही. मी पुष्कळ रचते, आम्ही राहतो ते सगळं तारनाका जाणतं, पण ही गोष्ट देवानं रचली, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे.

लेकीनं नाव दिलं ते बक्षिसासाठी नव्हतं. गेल्या वर्षी झेंडावंदनाच्या भाषणात ती मधेच अडकली होती. तोंड उघडं, माईक चालू, आणि आवाज बंद. मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘बफरिंग’. फोनवर व्हिडिओ अडकला की ते चक्र फिरतं ना, तसं पोरं हवेत बोट फिरवायची. वर्गात तिनं उत्तराला हात वर केला की बोटं फिरायची. डबा उघडला तरी फिरायची. व्हॅनमधल्या पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही ते माहीत झालं होतं. पोरीनं हात वर करणंच सोडून दिलं.

म्हणून तिनं नाव दिलं तेव्हा मी विचारलं, ‘अगं, पुन्हा स्टेजवर?’

‘एकदा पूर्ण बोलायचंय, मम्मी. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग नंबर येवो नाहीतर न येवो.’

एवढीच मागणी होती. पण आईबाप सुशिक्षित असले की लेकराची छोटी मागणी छोटी ठेवत नाहीत.

नवरा ऑफिसातून आला, त्यानं नियम वाचले आणि त्याचे डोळे चमकले. ‘मराठीत आणखी कोण आहे?’

‘कुणीच नाही, पप्पा.’

‘म्हणजे मराठीत पहिला नंबर आपलाच!’

दुसऱ्याच दिवशी कळलं की ज्या भाषांना एकेकच स्पर्धक आहे त्या सगळ्यांचा मिळून ‘इतर भाषा’ असा एक गट केलाय. मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, सगळ्या नद्या एकाच पात्रात. परीक्षक बाईंना यांपैकी एकही भाषा येत नव्हती. मग त्या गुण कसे देणार, असं मी व्हॅनच्या थांब्यावर दुसऱ्या एका आईला विचारलं. ती म्हणाली, ‘चेहरा देखके. कितना रोना आ रहा है, वो.’

हे ऐकून नवऱ्यानं बाह्या सरसावल्या. तो दिवसभर संगणकाशी इंग्रजीत बोलतो. त्याची मराठी सणासुदीला कपाटातून काढायच्या शालूसारखी आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. त्यानं रविवारी सकाळी दार लावून घेतलं आणि दुपारी कविता घेऊन बाहेर आला.

‘मी सरिता, मी जीवनदायिनी,
अमृतधारा, पुण्यवाहिनी!
कलुषित झाले माझे पाणी,
ऐक मानवा, माझी कहाणी!’

पुढं घाट होता, घाटावर दिवे सोडणाऱ्या सुवासिनी होत्या, कमरेवर घागर घेतलेल्या पाणवठ्यावरच्या पोरी होत्या, आणि ‘प्रदूषण’ हा शब्द इतक्या वेळा होता की कागदाला वास यायचा तेवढा बाकी राहिला होता. शेवटी ‘चला, शपथ घेऊ या!’

मी म्हटलं, ‘अहो, पण मुसीवर घागर घेऊन कोण जातं? गेली तर घागर परत येईल, पोरगी नाही यायची.’

‘अगं, नदी म्हणजे नदी. प्रातिनिधिक असते.’

‘आमची प्रातिनिधिक नाही हो. आमची वेगळीच आहे.’

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी ते तीनदा सांगितलं. लेक मात्र कागद वाचायला लागली होती. तिला मराठी बोलता झकास येतं, पण वाचायला बसली की एकेक अक्षर दगडावरून पाय टाकत नदी ओलांडावी तसं ओलांडते. ‘क-लु-षित’ पाशी ती थांबली. ‘पप्पा, हे काय असतं?’

‘कलुषित. मलीन. अशुद्ध.’

‘मग घाण म्हणू ना?’

‘कवितेत घाण म्हणत नाहीत, बाळा.’

नदीच्या कवितेत घाण म्हणायचं नाही! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसून आले.

त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन माझ्या भावाकडं गेले. तो नदीच्या काठाला, नागोलच्या बाजूला राहतो. आबिड्सला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान चालवतो आणि गप्पांत माझ्याही पुढं आहे, कारण गिऱ्हाइकाला थोपवून धरायची त्याला सवय. त्याच्या गच्चीवरून नदी दिसते, नदीवरचा बुटका बंधारा दिसतो आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी पांढराशुभ्र फेस दिसतो. किती? एकदा त्या फेसाच्या ढिगावर बगळा उतरला आणि आत गेला तो पलीकडून बाहेर आला तेव्हा जास्तच पांढरा झाला होता. भाऊ शपथेवर सांगतो.

‘मामा, फेस इथंच का आहे? वरती का नाही?’ लेकीनं विचारलं.

‘बादलीत पावडर टाकून नुसती ठेवली तर फेस होतो का? हात फिरवावा लागतो. हा बंधारा हात फिरवतो. पाणी वरून खाली पडतं, त्यात हवा घुसते, आणि सगळ्या शहराच्या मोरीतला साबण जागा होतो.’

‘सगळ्या शहराच्या?’

‘मग! तुमच्या तारनाक्याचा पण. दाजींचा शांपू तर मी वासावरून ओळखतो.’

वहिनीनं चहा आणला. चांदीची वाटी दाखवली, माहेरची, काळीकुट्ट पडलेली. घासून ठेवली की आठवडाभरात परत तशीच होते. नदीच्या तळाशी गाळ कुजतो, त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हवेत येतो आणि चांदी काळी करतो. एसीच्या तांब्याच्या नळ्याही तोच खातो. एसी दुरुस्त करणारा भावाच्या गल्लीत इतक्या वेळा येतो की त्याला तिथल्या लग्नांची आमंत्रणं जातात.

लेक कठड्याला टेकून बघत होती. ‘पण मामा, आपण गंडीपेटला पिकनिकला गेलो होतो ना? तिथं तर पाणी चांगलं होतं. ती पण मुसीच ना?’

‘तीच. पण तिथं तिला अडवून ठेवलंय. फार जुन्या काळी एकदा तिला मोठ्ठा पूर आला, अर्धं शहर वाहून गेलं, तेव्हा वरती दोन तलाव बांधले. चांगलं पाणी तिकडंच बसतं. जोराचा पाऊस झाला की दरवाजे उघडतात, तेवढे चार दिवस तिचं पाणी तिला मिळतं. बाकीच्या दिवसांत इथं जे वाहतं ते नाल्यांचं. नाव तिचं, पाणी आपलं.’

पोरगी एकदम वळली. ‘म्हणजे नदी बोलली तर आपल्यासारखंच बोलेल. पाणीच आपलं आहे ना. मग ती सरिता-बिरिता का म्हणेल?’

भाऊ म्हणाला, ‘हौ! मुसी कशाला पुण्याची मराठी बोलेल? कधी पुण्याला गेलीय का ती?’

परतताना ती रिक्षात सारखी काहीतरी विचारत होती. नदीला काय काय माहीत असेल? बातम्या तिला कळत असतील का? पुलावरून कोण जातं ते खालून दिसत असेल का? मग म्हणाली, ‘मम्मी, मुसीला प्रदूषण हा शब्दच माहीत नसणार. तो आपला शब्द आहे. तिला फक्त काय काय येतं तेवढं कळत असेल. आधी काय आलं, मग काय आलं.’

मी कवितेतली जाणकार नव्हे, पण एवढं कळलं की पोरगी नदीच्या आत जाऊन बसली होती, आणि ती सुवासिनी-घागर मंडळी बाहेर काठावर उभी होती.

दोन दिवसांनी तिनं जेवताना फोन काढून स्वतःची कविता वाचून दाखवली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, कारण तिच्या पिढीची मराठी त्याच रस्त्यानं येते-जाते. नवऱ्यानं घास तोंडाशी धरून ऐकली. नदी लोकांना टोमणे मारत होती. ‘सलाम’ म्हणत होती. ‘मियाँ’ म्हणत होती. संदेश कुठंच नव्हता.

‘ही नदी आहे का भांडकुदळ शेजारीण?’ तो म्हणाला. ‘आणि ही भाषा काय? अर्धी दखनी!’

मी म्हटलं, ‘अहो, नदी अशुद्ध चालते तुम्हाला, भाषा तेवढी शुद्ध पाहिजे!’

‘थट्टा सोड. परीक्षकाला करुणा दिसली पाहिजे. संदेशाचे गुण आहेत. ती स्टेजवर उभी राहणार, लोक हसले तर? आधीच...’

तो बोट फिरवण्याबद्दल बोलला नाही, पण तिघांनाही ते दिसलं. लेकीनं फोन पालथा ठेवला. बापाचं चुकत नव्हतं असं नाही, पण त्याला पोरीला लोकांच्या हसण्यापासून वाचवायचं होतं, आणि त्यासाठी तो तिला रडवायला तयार होता. ती म्हणाली, ‘ठीक आहे पप्पा, तुमचीच म्हणते.’

वर्गशिक्षिका तेलुगू. नवऱ्यानं कवितेचा इंग्रजी अर्थ पाठवला, त्यांनी उत्तर दिलं, ‘व्हेरी सॅड. एक्सलंट.’

मग वेष. टाकाऊतून करायचा म्हणजे आधी टाकाऊ हवं. आमच्या घरात नव्हतं. मी काटकसरी बाई, माझ्याकडं दह्याच्या डब्याचासुद्धा तिसरा जन्म चालू असतो. मग नवऱ्यानं सोड्याच्या बाटल्यांचा खोका आणला आणि आठवडाभर आम्ही सगळे कचरा तयार करायला सोडा प्यायलो. ढेकरांनी खिडक्यांची तावदानं हलली. जनरल बाजारातून मी चमकीचं निळं कापड आणलं, थर्मोकोलचे मासे आणले, लाटांसाठी प्लॅस्टिकचा चंदेरी कागद आणला. भाऊ मासे बघून म्हणाला, ‘मुसीत एवढे मासे? हिला तर गोदावरी करून टाकलंस, आक्का.’

आणि रात्रंदिवस पाठांतर. ‘मी सरिता, मी जीवनदायिनी...’ पहिली ओळ घरंगळत यायची, तिसऱ्या ओळीला ‘कलुषित’चा दगड. दहांतून सात वेळा पोरगी तिथं थांबायची, डोळे मिटायची, आणि मग पलीकडं उडी मारायची. आमच्या मोलकरणीलासुद्धा ती कविता पाठ झाली. भांडी घासता घासता ती ‘पुण्यवाहिनी’ म्हणायची आणि साबणाचं पाणी मोरीत सोडायची.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात इतक्या नद्या होत्या की पुराचा इशारा द्यायला हवा होता. प्रत्येकीच्या अंगावर बाटल्या खडखडत होत्या. दारात प्रत्येक पालकाला पाण्याची नवी कोरी बाटली मिळत होती, हिरव्या पट्टीवर ‘पृथ्वी वाचवा’. व्यासपीठावर पाहुणे म्हणून पावडरीचे घाऊक व्यापारी, शेजारी मुख्याध्यापिका आणि परीक्षक बाई. मागं भलामोठा फ्लेक्स: अर्ध्यात नदी, अर्ध्यात पावडरीची बादली.

आधी तेलुगू गट, मग हिंदी, मग इंग्रजी. भाषा कोणतीही असो, नद्या एकाच शाळेतून शिकून आल्या होत्या. सगळ्या पहिल्या कडव्यात हिमालयातून निघाल्या, दुसऱ्यात पवित्र होत्या, तिसऱ्यात माणूस आला, चौथ्यात हुंदका, आणि शेवटी शपथ. दर वेळी शपथेला सगळ्या सभागृहानं उजवा हात पुढं करायचा, असं ठरलं. इतक्या शपथा घेतल्या की माझा खांदा दुखायला लागला. इतर भाषा गटातली पहिली नदी आली ती थेट विजेवर चालणारी. तिच्या मुकुटातून बॅटरीवर कारंजं उडत होतं आणि दोन्ही डोळ्यांतून खरेखुरे अश्रू वाहत होते. माझ्या मागची बाई कुजबुजली, ‘ग्लिसरीन डाले.’

मग आमची.

ती चालत आली तेव्हा थर्मोकोलचा एक मासा गळून पडला. माईकपाशी उभी राहिली. नवरा माझ्या शेजारी, हातात कवितेचा छापील कागद, ओठ हलताहेत. 

‘मी सरिता, मी जीवनदायिनी...’

छान.

‘अमृतधारा, पुण्यवाहिनी...’

वा.

‘क...’

आणि थांबली.

नवरा ओठांनी ‘कलुषित, कलुषित’ म्हणत होता, पण इतक्या लांबून कुणाला दिसणार?  मग मधल्या रांगांतून, जिथं आठवीची पोरं बसली होती, एक बोट वर आलं आणि फिरायला लागलं. मग दुसरं. मग सगळ्या रांगेत बोटांची चक्रं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हटलं, ‘बफरिंग...’  नवऱ्यानं कागद चुरगाळला.

लेक त्या बोटांकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरून घेतलेला निळ्या कापडाचा पदर मागं टाकला, कमरेवर हात ठेवला, अगदी तशी, जशी माझी वहिनी गच्चीतून गल्लीशी भांडायला उभी राहते.

‘थांबा. बोलते. घाई काय आहे?
गळ्यात गादी अडकली माझ्या.
पुलावरून कुणीतरी दिली टाकून,
डबल बेडची, उशांसकट.
फिरवा, फिरवा बोटं!
असाच भोवरा येतो मला
तुमचं सामान घशात अडकलं की.’

हे ना पप्पांच्या कवितेत होतं, ना तिच्या फोनमधल्या. हे तिथंच, त्या क्षणी झालं. बोटं हवेतच थांबली. आता ती फिरवली तर आपण भोवरा होणार, हे पोरांच्या लक्षात आलं असावं. कुणीतरी फिसकन हसलं. लेकीनं घसा खाकरला, गादी बाहेर टाकल्यासारखी मान झटकली, आणि मग तिची स्वतःची कविता सुरू झाली.

‘सलाम. मी मुसी.
मला सगळे ओळखतात. काचा वर करतात.

घड्याळ नाही माझ्याकडं, पण वेळ कळते.
शांपू आला, सकाळ झाली.
डाळ-तांदळाचं पाणी आलं, दुपार.
तेलाचा तवंग जाड झाला, की आज इतवार,
घरोघरी बिर्याणी.
मला कुणी बोलावलं नाही.
भांडी धुतली, तेवढी पाठवली.

फार जुन्या काळी एकदा मी रागावले,
तुमच्या घरात आले, चपला न काढता.
तेव्हापासून वरती दरवाजे लावलेत.
माझं चांगलं पाणी तिकडं बसतं, हवा खात.
लई पाऊस झाला की दार उघडतात,
तीच माझी आंघोळ.
बाकी वर्षभर माझ्यातून वाहता तुम्ही.
नाव तेवढं माझं.

लोक म्हणतात, मुसीचा वास येतो.
माझा कुठं, मियाँ?
नीट घ्या. ओळखीचा वाटेल.

सगळ्या नद्या रडतात. मी नाही रडत.
रडायला स्वच्छ पाणी लागतं.

शहर संपलं की मी शेतात जाते.
माझ्यावर गवत येतं, हिरवंगार.
गवत म्हशी खातात.
म्हशींचं दूध पहाटे शहरात येतं,
मोटारसायकलवर, कॅनमध्ये बसून.
पुलावर तुम्ही काचा वर केल्या,
आणि घरी जाऊन मलाच उकळलं.

चहा गार होतोय.
प्या ना.’

आता देवाची करणी पुन्हा बघा. नेमका त्याच वेळी शिपाई व्यासपीठावर चहा देऊन गेला होता. पावडरवाल्या पाहुण्यांचा कप ओठांपाशी पोचला होता. ते कपाकडं बघत राहिले. मुख्याध्यापिकांनी आपला कप हळूच शेजारी सरकवला, परीक्षक बाईंनी तो परत मुख्याध्यापिकांकडं सरकवला. आणि सभागृह फुटलं. किती हसलं? छताचा पंखा बंद होता, तो वाऱ्यानं फिरला असं मी सांगत असते, पण निदान अर्धं तरी खरं माना.

कारण ही कविता सगळ्यांना कळली होती! सरिता कुणालाच कळली नसती. पण ‘इतवार’, ‘बिर्याणी’, ‘मियाँ’, ‘गादी’, हे या शहरात कुणाला सांगावं लागतं? तेलुगू आया हसत होत्या, उर्दू बोलणारे बाप हसत होते. माझ्या मागची ग्लिसरीनवाली बाई माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, ‘आपकी बच्ची है?’

आणि माझा पुणेकर नवरा, ज्यानं इतक्या वर्षांत या शहराचा एक शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता, तो म्हणाला, ‘हौ.’

लेक अजून माईकपाशीच होती, धापा टाकत. वर्गशिक्षिका घाईनं कडेला आल्या. त्यांच्या हातात गुणांचा कागद होता आणि एक रकाना रिकामा राहिला होता. ‘बेटा, मेसेज? सोसायटी को मेसेज देना है ना!’

लेक म्हणाली, ‘मॅम, मुसी क्यों मेसेज भेजेगी? रोज सुबह हम लोगच भेजते उसको.’

पुढच्या हशात निकाल लागला, त्यामुळं तो फारसा कुणाला ऐकू आला नाही. इतर भाषा गटात पहिला नंबर कारंजेवाल्या नदीचा. आमच्या नदीचे संदेशाचे गुण गेले. करुणेचे तर उणे झाले असणार. परीक्षक बाई जाताना लेकीला म्हणाल्या, ‘अच्छा था, पर नदी थोडी दुखी होनी चाहिए थी.’ भाग घेतला म्हणून प्रत्येकीला कपडे धुण्याच्या पावडरीचं एक मोठं पाकीट मिळालं, व्यापाऱ्यांच्या हस्ते. तिला देताना ते पाकिटाकडं बघेनात आणि तिच्याकडंही.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या मागच्या नाल्यात मी चंदेरी कागदाच्या लाटा, थर्मोकोलचे मासे आणि एक मुकुट तरंगताना पाहिला. सगळ्या नद्या शेवटी मुसीलाच मिळत होत्या. हे भूगोलाला धरूनच झालं.

घरी येऊन नवऱ्यानं चुरगाळलेला कागद उलगडला आणि बराच वेळ नीट करत बसला. मग लेकीला म्हणाला, ‘तुझी ती कविता मला पाठव. मराठी अक्षरांत लिहून देतो.’

‘शुद्ध नाही करायची, पप्पा.’

‘नाही गं. इतवार इतवारच ठेवीन.’ मग म्हणाला, ‘ती गादी कधी लिहिलीस?’

‘लिहिली नाही. अडकली तेव्हा सुचली.’

भावाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आपल्या वकुबाप्रमाणं भर घातली. आता त्याच्या आबिड्सच्या दुकानात गिऱ्हाइकं ऐकतात की त्याच्या भाचीनं स्टेजवरून बोट दाखवलं आणि पाहुण्यांच्या कपातला चहा फेसाळून वर आला. मी त्याला थांबवत नाही. तोंडाला लगाम घालणं आमच्या माहेरच्यांत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं व्हॅनच्या थांब्यावर उभी होते, जरा धास्तावलेलीच. व्हॅन आली. खिडकीतून आठवीचा एक पोरगा अर्धा बाहेर लोंबकळत होता. मी त्याच्या बोटाकडं बघितलं. बोट खिडकीच्या गजावर होतं, फिरत नव्हतं.

‘ए मुसी!’ तो ओरडला.

लेक पायरीवर चढता चढता थबकली.  ती वळली आणि एका दमात, कुठंही न अडखळता म्हणाली,

‘बोल. आज काय पाठवतोस?’